चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मध्ये

ग्रंथपाल बाईंनी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका मुलीला रागावताना. संगीतशाळेच्या श्रवणकक्षात खिडकीजवळ एक विद्यार्थिनी सीडीवर तोंडाची वाफ सोडून ओढणीने गोल गोल पुसत होती. एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उठले, तिच्या हातातून सीडी अलगद कडेला धरून घेतली आणि म्हणाले, "ताट घासतेस का? मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल ओरखडा पडला तर गाणं जिथे आहे त्याच वाटेने पडतो, मग यंत्राला सावरता येत नाही. आडवा पडला तर ते उडी मारून पुढे जातं." मग खिशातून चष्म्याचं मऊ फडकं काढून त्यांनी सीडी पुसून दाखवली. मुलगी आधी हिरमुसली, मग हसली. जाताना ते फडकंच तिच्या हातात ठेवून गेले.

हे गृहस्थ म्हणजे शाळेत पूर्वी गाणं शिकवणाऱ्या बाईंचे यजमान. गाण्याच्या बाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. हे स्वतः गावातल्या सभागृहात ध्वनियंत्रणा सांभाळायचे. सभागृह बंद पडलं, ते निवृत्त झाले, आणि आठवड्यातून दोनदा श्रवणकक्षात येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू लागले. येऊन फार काही ऐकत नसत. कुणी हेडफोनची वायर वेडीवाकडी गुंडाळली की उठून सरळ करत.

त्याच सुमारास शाळेने ठरवलं की कपाटातल्या अकराशे सीडी संगणकावर उतरवून घ्यायच्या. सीडी वाजवायचे प्लेअर एकेक करून बंद पडत होते आणि दुरुस्त करणारा माणूस फोन उचलत नव्हता. काम कुणाला द्यायचं हा प्रश्न आला तेव्हा बाईंच्या डोळ्यांसमोर ते मऊ फडकं आलं. त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "घाई नसेल तर करतो."

घाई नव्हतीच. पण काकांचं सावकाशपण काय असतं ते बाईंना तेव्हा ठाऊक नव्हतं.

पहिले चार दिवस त्यांनी एकही सीडी उतरवली नाही. नुसता संगणकाचा सीडी वाचणारा ड्राइव्ह तपासत बसले. बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी शाळेतल्या मास्तरांसारखं समजावून सांगितलं. प्रत्येक ड्राइव्हला एक खोड असते, तो आवाज वाचायला थोडा आधी किंवा थोडा उशिरा सुरू करतो. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढासुद्धा नसतो, पण आपली नक्कल दुसऱ्याच्या नकलेशी ताडून पाहायची तर तो मोजून वळता करावा लागतो. दुसरी खोड जास्त वाईट. ड्राइव्ह एकदा वाचलेलं स्वतःच्या डोक्यात ठेवतो, आणि पुन्हा वाच म्हटलं की सीडीकडे न बघता डोक्यातलंच म्हणून दाखवतो.

"म्हणजे पाठांतर," बाई म्हणाल्या.

"हां. पुस्तक उघडायलाच लावलं पाहिजे त्याला."

मग काम सुरू झालं. सीडी आत गेली की प्रोग्राम तिचा प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचायचा. दोन्ही वेळा एकच आलं तर पुढे. वेगळं आलं तर त्याच जागी अडून पुन्हा पुन्हा वाचायचा, वीसदा, चाळीसदा, बहुमत होईपर्यंत. एवढ्यावर काका थांबत नसत. आधी सगळं गाणं नुसतं वाचून बघायचं, त्याचा एक आकडा निघतो, अक्षरं आणि अंक मिळून आठ. मग गाणं खरोखर उतरवून घ्यायचं, त्याचाही आकडा काढायचा. दोन्ही जुळले पाहिजेत. आणि शेवटी इंटरनेटवरच्या एका मोठ्या यादीशी ताडायचं. जगात कुठे कुठे लोकांनी तीच सीडी आपापल्या घरी उतरवून आपला आकडा त्या यादीत टाकलेला असतो. अनोळखी आठ-दहा माणसांचा आणि आपला आकडा एक निघाला की काका टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि सीडी बाहेर काढायचे. मुलांनी त्यांचं नाव दोनदाकाका ठेवलं ते यावरूनच. त्यांच्या कानावर ते आलं तेव्हा ते म्हणाले, "चालेल. एकदाकाकापेक्षा बरं."

गाण्यांची नावं हा आणखी वेगळा उद्योग. सीडीवर आवाज असतो, नावं बहुधा नसतातच. प्रोग्राम गाणी किती आणि कुठे सुरू होतात एवढं बघून दुसऱ्या एका यादीतून नावं शोधून आणतो. ती यादीही लोकांनीच भरलेली. कुणी शुद्धलेखनाची वाट लावलेली, कुणी गायकाच्या जागी वादक घातलेला. एकदा लहान मुलांच्या बासरीच्या धड्यांची सीडी घातली आणि पडद्यावर कुठल्याशा आरडाओरडा करणाऱ्या बँडची गाणी आली. पहिल्या धड्याचं नाव, बाईंनी चष्मा लावून वाचलं, 'रक्ताची आंघोळ'. त्या दिवशी काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मात्र नंतर त्यांनी सीडीच्या डबीतला कागद समोर ठेवला आणि चोवीसच्या चोवीस नावं हाताने टाइप केली.

असं दीड वर्ष चाललं. बाईंना त्यांची सवय झाली. ते जेवणाचा डबा आणत नसत, एक केळं आणि दोन बिस्किटं आणत. बिस्किटं खाताना ड्राइव्हचा कप्पा बंद आहे ना ते बघत. बायकोबद्दल फारसं बोलत नसत. बोललेच तर 'आमच्या घरचे गुरुजी' म्हणत.

एका डिसेंबरात शाळेतल्या दोन शिक्षिका आल्या. त्यांच्याकडे कान तयार करण्याच्या सरावाच्या बारा सीडी होत्या. एक सूर वाजतो, मग शांतता, मग पुढचा. त्यांना ती मधली शांतता नको होती, वर्गात वेळ जातो म्हणाल्या. काकांनी त्या सीडी पाहिल्या आणि सांगितलं की सोपं आहे. सीडीवर दोन भागांच्या मध्ये जी जागा सोडलेली असते तिची खूण वेगळी असते. जुन्या प्लेअरवर त्या जागेत आकडे उलटे मोजले जातात, उणे पाच, उणे चार. प्रोग्रामला सांगता येतं, ही मधली जागा आधीच्या भागाच्या शेपटाला जोडून ठेव किंवा गाळून टाक. एरवी ते जोडून ठेवत. या बारा सीडींसाठी त्यांनी 'गाळा' वर खूण केली. दुपारी तीनपर्यंत बाराच्या बारा झाल्या. शिक्षिका खूश होऊन गेल्या.

मग काकांनी आपल्या कापडी पिशवीतून एक डबी काढली. बाईंना आठवतं, डबी उघडायच्या आधी ते हात धुऊन आले.

आत एकच सीडी होती, दुकानातली नव्हे, त्यांनी स्वतः सभागृहाच्या यंत्रावर कोरलेली. गाण्याच्या बाईंचा शेवटचा जाहीर कार्यक्रम. त्यानंतर चार महिन्यांत त्या गेल्या होत्या. मूळ ध्वनिमुद्रण सभागृहाच्या संगणकात होतं, तो सभागृहाबरोबर भंगारात गेला. राहिली ती ही एवढीच. काकांनी ती दिव्याखाली तिरपी धरली आणि बाईंना कड दाखवली. हिरवट रंगावर एका बाजूला पुसट, चहा सांडून वाळल्यासारखी छटा आली होती. कोरलेल्या सीडीचा रंग उडतो, म्हणाले. याच रंगात सगळं लिहिलेलं असतं. आणखी वाट पाहण्यात अर्थ नाही.

बाईंनी दार लोटून घेतलं आणि बाहेर 'काम चालू आहे' अशी पाटी लावली.

त्या सीडीने अडीच तास घेतले. पडद्यावरची रेघ पुढे सरकायची, थांबायची, ड्राइव्ह घरघरायचा, पुन्हा सरकायची. आठव्या गाण्यात एका जागी ती इतका वेळ अडली की काकांनी डोळेच मिटून घेतले. स्पीकरचं बटण त्यांनी सुरुवातीलाच बंद केलं होतं. ते बाईंच्या लक्षात आलं. नावांसाठी यादीने काहीच आणलं नाही, जगात दुसरी अशी सीडीच नव्हती. काकांनी डबीतला कागद काढला, कार्यक्रमाची छापील पत्रिका घडी घालून ठेवलेली होती, आणि तिच्यावरून नऊ नावं टाइप केली. पाचवं 'अंगाई'. सहावं 'नावाड्याचं गाणं'.

शेवटी नऊच्या नऊ आकडे जुळले. आधीचा आणि नंतरचा, एकेका अक्षराने. खाली अहवाल आला की एकही चूक नाही, फक्त ही सीडी यादीत सापडली नाही. काकांनी टेबलावर दोनदा टकटक केलं. तिसऱ्यांदाही केलं.

"ऐकायचं का थोडं?" बाईंनी विचारलं.

"नको. जुळलंय."

संध्याकाळी त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. तिला ती सीडी फार दिवसांपासून हवी होती, गाडीत लावायला. काका आजवर देत नव्हते. त्या दिवशी त्यांनी डबी तिच्या हातात ठेवली. म्हणाले, घे, आता आपल्याकडे ती कायमची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच सीडी जगाच्या यादीशी जुळेना. दुकानातली, नवीकोरी, एक ओरखडा नाही, आणि तरी एकाही माणसाच्या आकड्याशी मेळ नाही. काकांनी दोनदा पाहिलं, मग कपाळावर हात मारला. कालच्या सरावाच्या सीडींसाठी केलेली खूण तशीच राहिली होती. मधल्या जागा गाळल्या जात होत्या, मग आकडा जुळणार कसा? त्यांनी खूण परत 'जोडा' वर आणली, सीडी पुन्हा उतरवली, आकडा जुळला, टकटक झाली. बाईंनी चहा दिला. दोघेही त्या विसराळूपणावर हसले.

त्या सकाळी एक विचार डोक्यात यायला हवा होता, तो दोघांच्याही आला नाही. सीडी तेव्हा मुलीच्या गाडीत होती, धडधाकट, दोन गल्ल्या पलीकडे.

त्यानंतर दीड वर्षाने, दोन उन्हाळे उलटून गेल्यावर, काकांची मुलगी श्रवणकक्षात आली. कडेवर तीन महिन्यांची मुलगी होती. काका यायच्या आधीच आली होती, बाईंजवळ बसली. सीडी गाडीत लागेनाशी झाली होती. म्हणून तिने वडिलांकडून फाइली मागून घेतल्या होत्या, बाळाला आजीची अंगाई ऐकवायला. पण 'अंगाई' लावलं की नावाड्याचं गाणं वाजतं, म्हणाली. पाचवं आणि सहावं उलट झालंय. बाबांना कसं सांगू? त्यांना चूक काढलेली आवडत नाही.

"मला सांगितलंस ना, तसंच सांग," बाई म्हणाल्या.

काका आले, नातीच्या गालाला बोट लावलं, आणि गोष्ट ऐकून घेतली. मग शांतपणे, तेव्हा डबीतून काढून कपाटात ठेवलेली पत्रिका आणली.

"हे बघ. पाचवं अंगाई. मी डोळ्यांनी बघून टाइप केलंय."

"पत्रिकेत तसंच आहे हो. पण आईने त्या दिवशी बदललं होतं."

"तुला काय माहीत? तू होतीस कुठे कार्यक्रमाला?"

"बाबा, मी रोज गाडीत ऐकायचे. चौथं संपलं की ती सांगते ना. मुलं अजून टक्क जागी आहेत, अंगाई आत्ताच म्हटली तर माझी फजिती होईल, आधी नाव पाण्यात घालू या."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उगवत गेलं. त्यांना आठवलं होतं. बदल झाला होता खरा. सीडी कोरली तेव्हा त्यांना ठाऊक होता, कागद बदलायचा तेवढा राहून गेला होता. ते चक्क हसले. म्हणाले, "हो ग. आणि एक कार्टं पहिल्या रांगेतून ओरडलं होतं, मी झोपणारच नाही म्हणून."

ते बोलणं चौथ्याच्या शेवटी असणारच, म्हणाले. त्यांनी चौथी फाइल उघडली, शेवटचं अर्धं मिनिट लावलं आणि बायको गेल्यापासूनच्या तेरा वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकायला स्पीकरचं बटण फिरवलं.

गाणं संपलं. टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्यांच्या मध्येच कुणी कात्री चालवावी तसा आवाज तुटला. पुढच्या क्षणाला नावाड्याचं गाणं सुरू झालं.

त्यांनी पुन्हा लावलं. मग तिसऱ्याचा शेवट लावला. दुसऱ्याचा. पहिल्याचा. सगळीकडे तसंच. नऊ गाणी होती, एकामागून एक, स्वच्छ, आणि गाणारी बाई त्यांच्यामध्ये एक शब्दही बोलत नव्हती.

बाईंना अजून नीट कळलं नव्हतं. काकांना कळलं होतं. त्यांनी त्या दिवशीचा अहवाल उघडला. एरवी ते फक्त आकड्यांच्या ओळी वाचत, वरच्या पाच-सहा ओळी नेहमी सारख्याच म्हणून सोडून देत. आता त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. ड्राइव्ह कुठला. वाचन किती काटेकोर. पाठांतर बंद केलं आहे का, आहे. मधल्या जागा: गाळल्या.

तिथे बोट थांबलं.

"बारा सीडी," ते बाईंना म्हणाले. "सरावाच्या. त्या दिवशी."

मग बाईंना सगळं आठवलं, आणि दुसऱ्या दिवशीचा चहाही.

मुलगी विचारत होती काय झालं म्हणून. काकांनी तिला सांगितलं, अगदी सावकाश, काही न लपवता. कार्यक्रमाची सीडी कोरताना तिच्या आईचं बोलणं त्यांनी मुद्दाम त्या मधल्या जागेत ठेवलं होतं. कुणी थेट पाचवं गाणं निवडलं तर लगेच गाणंच लागावं, बोलणं ज्याला हवं त्याने आधीचं गाणं पूर्ण ऐकावं. आईला ती युक्ती फार आवडली होती. म्हणाली होती, म्हणजे माझी बडबड फक्त चिकाटीच्या माणसांना. आणि उतरवताना नेमक्या त्याच जागा गाळायला सांगून ठेवलं होतं. प्रोग्रामने सांगितलं तसं केलं. दोनदा केलं, आणि दोन्ही वेळा तेच गाळलं. आकडे जुळणारच होते. दुकानातली सीडी असती तर जगातल्या कुणाशीच आकडा जुळला नसता आणि घंटा वाजली असती. ही एकच होती.

"पण तुम्ही ऐकलं नाहीत?" मुलगी म्हणाली. "उतरवल्यावर एकदा तरी?"

"नाही."

"एकदासुद्धा?"

"आकडे पाहिले."

बाळ कुरकुरायला लागलं. मुलीने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिला राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. ती म्हणाली, "ऐकायचं होतं हो बाबा. एवढं सगळं केलंत, एकदा ऐकायचं होतं."

काका म्हणाले, "ऐकलं असतं तर मला पुढचं काम झालं नसतं, बाळा. म्हणून बटण बंद ठेवलं होतं."

घरात तिच्या आईचं बोलणं दुसरं कुठे नव्हतं. गाणी होती, शाळेकडे होती, शिष्यांकडे होती. पण दिवसभर माइक हाताळणारा माणूस घरी माइक आणत नाही, आणि त्या काळात फोनमध्ये असली सोय सगळ्यांकडे नव्हती. ती हयात असताना तिचं बोलणं जपून ठेवायचं कुणाला सुचणार होतं? ते तर दिवसभर चालूच असायचं.

सीडी दुसऱ्या दिवशी आली. दोन उन्हाळे ती गाडीच्या दाराच्या कप्प्यात होती. मुलगी दारातूनच सांगत आली की मला वाटलं आता तुमच्याकडे आहे, म्हणून मी जपली नाही. काका म्हणाले, मीच तसं सांगितलं होतं. सीडी त्यांनी दिव्याखाली धरली. बाहेरचा अर्धा भाग विटलेल्या काचेसारखा फिका पडला होता, मधला भाग अजून हिरवट होता.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, गाण्यांचं अनुक्रमणिकेचं पान अगदी आत असतं आणि पहिलं गाणं त्याला लागून. म्हणून त्यांना थोडी आशा होती. श्रवणकक्षाच्या ड्राइव्हने ती ओळखलीच नाही. बाईंच्या टेबलावरच्या संगणकाने तीनदा ओकली. मग काका अडगळीच्या खोलीत गेले आणि धूळ खात पडलेला एक जाडजूड जुना ड्राइव्ह घेऊन आले. त्याला वेग कमी करायला सांगितलं, सर्वांत कमी. चौथ्या प्रयत्नाला पडद्यावर नऊ ओळी उमटल्या. बाईंनी नकळत हात जोडले.

चार दिवस ते बसले. सकाळी शाळा उघडायच्या वेळी यायचे, शिपाई दिवे मालवायला आला की उठायचे. दहा-दहा वेळा सीडी बाहेर काढून थंड होऊ द्यायची, पुन्हा घालायची. पहिलं गाणं आलं. दुसरं फुटक्या फुटक्या तुकड्यांत आलं आणि त्याच्या शेवटावर रेघ अडली ती अडली. तिसऱ्यापासून पुढे ड्राइव्हला काही दिसतच नव्हतं. पाचव्याच्या अलीकडची जागा, जिच्यात मुलं टक्क जागी होती, ती सीडीच्या फिक्या भागात होती. चौथ्या दिवशी दुपारी तो जुना ड्राइव्ह घरघरला आणि फिरायचा थांबला. काकांनी पिनेने कप्पा उघडून सीडी बाहेर काढली, मधून बाहेर पुसली आणि डबीत ठेवली.

हाती लागलं ते पहिल्या आणि दुसऱ्या गाण्याच्या मधलं. चौदा सेकंदं. या वेळी त्यांनी मुलीला बोलावून घेतलं, बाईंना बसायला सांगितलं आणि स्पीकर लावला.

टाळ्या होत्या. मग एक बाई घसा साफ करून म्हणाली, "मागे बसलेल्या आमच्या साउंडवाल्यांना विनंती, माझा आवाज जरा," इथे खरखर झाली आणि एक शब्द गेला, "घरी कमी करता येत नाही म्हणून इथे सूड उगवतात." लोक हसले. हसण्यात दोनदा टिक टिक असा आवाज आला, सीडीवरच्या मेलेल्या जागांचा. मग पेटीचा सूर.

मुलगी हसली आणि लगेच रडली. बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. काका ताठ बसून होते. हात टेबलावर होते, पण त्यांनी टकटक केली नाही. पुन्हा लावायला कुणी सांगितलं नाही, त्यांनीच लावलं. मग पुन्हा.

अहवालात या चौदा सेकंदांपुढे तीन ठिकाणी 'संशयास्पद' असं लिहून आलं होतं. आठ वेळा वाचून आठ आकडे आले, एकही दुसऱ्याशी जुळला नाही. असली फाइल काकांनी आजवर कधी ठेवली नव्हती. ही ठेवली, वेगळी. नावाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून थोडा वेळ थांबले. मुलगी म्हणाली, लिहा ना, आई. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि टाइप केलं, 'बोलणं, अपुरं'. मग मूळ फाइलींकडे जाऊन पाचव्या आणि सहाव्याची नावं बदलली आणि नीट बदलली की नाही हे दोन्ही गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून पाहिलं. अंगाई चालू असताना बाळ झोपलं नाही, आढ्याकडे बघत राहिलं.

मुलगी गेल्यावर बाई काहीतरी बरं बोलायला म्हणून म्हणाल्या की एवढं तरी मिळालं.

काका म्हणाले, "बाई, दुसऱ्या दिवशी सकाळी आपण चहा पीत होतो, तेव्हा सगळं मिळत होतं."



पुढच्या आठवड्यात काका येणार नाहीत असं बाईंना वाटलं होतं. ते आले. आधी उतरवून झालेल्या आठशे सीडी त्यांनी पहिल्यापासून पुन्हा काढायला घेतल्या. आकडे बघायला नाही, ते जुळलेलेच होते. ऐकायला. एकेक सीडी पहिल्या सुरापासून शेवटच्या टाळीपर्यंत ऐकतात, समोर डबीतला कागद ठेवतात, आणि गायक मध्ये काही बोलला असेल तर ते एका वहीत लिहून ठेवतात. दिवसाला तीन होतात, कधी दोन. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं की याची गरज आहे का. बाईंनी सांगितलं की आहे.

मुलगी रविवारी त्यांच्याकडे येते. त्या दोघांमध्ये त्या गोष्टीचा विषय निघत नाही, पण तिच्या फोनमध्ये ती चौदा सेकंदं आहेत. आईचं पाचव्या गाण्याआधीचं बोलणं ती बाळाला स्वतःच्या तोंडाने, आठवेल तसं सांगते. दरवेळी एखादा शब्द वेगळा येतो, आणि खरा कुठला ते सांगू शकेल असं आता कुणी नाही.

काका सध्या चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी श्रवणकक्षात येतात, आणि गेल्या महिन्यापासून डाव्या कानाला यंत्र लावतात.